ईसॉपचा खर्च पहिल्याच वर्षी एवढा का, आणि माणूस सोडून गेला तर त्याचं काय होतं?

प्रश्न : सर, मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात अकाउंट्स बघतो. मालकांनी १ एप्रिल २०२४ ला दहा माणसांना ईसॉप योजनेत प्रत्येकी ३,००० शेअर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचा शेअर घेण्याचे हक्क, दिले. दर वर्षी १,००० असे तीन हप्त्यांत मिळणार, १० रुपये भरून शेअर घ्यायचा. व्हॅल्यूअरनी ऑप्शनची किंमत १२० रुपये धरली, म्हणजे एकूण ३६ लाख. मी दरवर्षी १२ लाख धरणार होतो, पण ऑडिटरनी पहिल्या वर्षी २० लाख ६० हजार बुक करायला लावले. आता दुसऱ्या वर्षात दोघं जण नोकरी सोडून पुण्याला गेले. मालक म्हणतात, मुळात खिशातून रुपया गेला नाही तर खर्च कसला, आणि गेलेल्यांचा खर्च तरी उलटा फिरवा. कसं करू?

उत्तर :

तुमच्या ऑडिटरांचा आकडा बरोबर आहे. पण आधी मालकांच्या शंकेचं बघू. ती फिटली नाही तर बाकीचं गणित कितीही नीट मांडा, दर मार्चअखेरीला तोच वाद पुन्हा होणार.

समजा कंपनीनं एखाद्या सुपरवायझरला दर शेअरमागे १२० रुपये बोनस रोख दिला असता आणि त्यानं त्यात स्वतःचे १० रुपये घालून १३० रुपयांचा शेअर विकत घेतला असता. १२० रुपये पगारखर्चात गेले असते आणि त्यावर कुणी हरकत घेतली नसती. ऑप्शनमध्ये घडतं तेच, फक्त पैसा मधून फिरून येत नाही. माणसाकडून काम घेतलं आणि त्याचा मोबदला शेअरच्या रूपात द्यायचं कबूल केलं. तो मोबदला कंपनीच्या बँक खात्यातून जात नाही, जुन्या भागधारकांच्या हिश्श्यातून जातो. मालकांचा हिस्सा तेवढा पातळ होतो. कंपनीनं काम घेतलं आहे, म्हणून खर्च कंपनीच्या पुस्तकात दिसतो.

मालकांना शब्दांनी पटलं नाही तर ताळेबंद समोर ठेवा. नोंद अशी होते : कर्मचारी लाभ खर्च नावे २०,६०,०००, आणि शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग अकाउंट जमा २०,६०,०००. हे दुसरं खातं देणी नाही. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये ते राखीव निधी आणि शिल्लक या सदराखाली येतं. म्हणजे नफ्या-तोट्याची शिल्लक २० लाख ६० हजारांनी उतरते आणि त्याच सदरात दुसऱ्या ओळीवर तेवढीच रक्कम चढते. भागधारकांचा एकूण निधी एका रुपयानं हलत नाही. कॅश क्रेडिटच्या रिन्यूअलला बँकेनं नफा का घटला असं विचारलं, तर हा घसाऱ्यासारखा रोखीत न जाणारा खर्च आहे, रोख मिळकतीच्या गणितात तो परत मिळवायचा, असं टिपण जोडून द्या. सहसा बँक ते मान्य करते. फक्त ते टिपण आपणहून द्यावं, त्यांनी मागेपर्यंत थांबू नये.

आता १२० रुपयांबद्दल. ही किंमत ग्रँटच्या, म्हणजे ऑप्शन दिले त्या दिवशीची आहे आणि ती गोठलेली आहे. पुढच्या वर्षी मोठी ऑर्डर मिळून शेअरची किंमत २०० झाली तरी १२० च राहते, आणि धंदा बसून ती ८० झाली तरी १२० च. दरवर्षी बदलतो तो फक्त माणसांचा आकडा. बऱ्याच अकाउंटंटांची गल्लत इथेच होते. नवा व्हॅल्यूएशन रिपोर्ट हातात आला की ते जुन्या ऑप्शनची किंमत बदलून मोकळे होतात. दरवर्षी किंमत बदलण्याचा नियम वेगळ्या योजनेचा आहे. त्या योजनेत शेअर द्यायचेच नसतात, शेअरच्या वाढीइतकी रोख रक्कम द्यायची असते. तिथे कंपनीवर खरं देणं उभं राहतं, म्हणून ते दर ताळेबंदाला नव्यानं मोजतात. तुमची योजना ती नव्हे.

तुमची कंपनी लिस्टेड नाही आणि नेटवर्थ २५० कोटींच्या खाली असेल असं धरतो. मग तुम्हाला मोठ्या कंपन्यांचं लेखा-मानक इंड एएस १०२ लागू नाही, चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेची, म्हणजे आयसीएआयची, शेअर-बेस्ड पेमेंटवरची २०२० ची सुधारित गाइडन्स नोट लागू आहे. १ एप्रिल २०२१ पासून दिलेले ऑप्शन तिच्यात येतात. जुन्या नोटमध्ये इंट्रिन्सिक व्हॅल्यू, म्हणजे शेअरची त्या दिवसाची किंमत वजा भरायची किंमत, एवढ्यावर भागत असे. आता मुख्य मार्ग फेअर व्हॅल्यूचा आहे. त्यात व्याज, मुदत, किमतीतला चढउतार हे सगळं येतं. तुमच्या बाबतीत मात्र फरक जवळजवळ नाही. भरायचे आहेत फक्त १० रुपये आणि शेअर आहे १३० चा. ते १० रुपये काही वर्षांनी भरायचे म्हणून त्यांचं आजचं मोल थोडं कमी धरलं, तर ऑप्शनची किंमत १२० च्या वर दोन-तीन रुपये सरकते, एवढंच. काटेकोर रिपोर्टमध्ये तिन्ही हप्त्यांना किंचित वेगळ्या किमती येतात. १३० चा शेअर १३० लाच घ्यायचा ऑप्शन दिला असता तर सूत्रानं मोठा फरक पडला असता. इथे मी सगळीकडे १२० च धरतो.

आता मुख्य गाठ. दरवर्षी १२ लाख का नाही?

कारण तुम्ही ३,००० ऑप्शनचं एकच पत्र दिलं असलं, तरी हिशेबाच्या दृष्टीनं ती तीन वेगवेगळी ग्रँट आहेत. पहिल्या हप्त्यासाठी माणसाला एकच वर्ष काम करायचं आहे. दुसऱ्यासाठी दोन वर्षं, आणि तिसऱ्यासाठी तीन. ज्या ऑप्शनसाठी जितका काळ काम करावं लागतं, तितक्याच काळावर त्याचा खर्च पसरायचा. प्रत्येक हप्ता १०,००० ऑप्शनचा, म्हणजे १२ लाखांचा. पहिल्या हप्त्याचे १२ लाख पूर्णच्या पूर्ण पहिल्या वर्षात जातात. दुसऱ्याचे दोन वर्षांत सहा-सहा लाख. तिसऱ्याचे तीन वर्षांत चार-चार. पहिल्या वर्षात तिन्ही हप्त्यांचं काम एकाच वेळी चालू असतं, म्हणून १२ अधिक ६ अधिक ४, असे २२ लाख. दुसऱ्या वर्षात पहिला हप्ता संपलेला, म्हणून १०. तिसऱ्यात फक्त ४. बेरीज ३६ च.

तुमची सरळ भागाकाराची पद्धत अगदी हवेतून आलेली नाही. अमेरिकन नियमांत, अट फक्त नोकरीत राहण्याची असेल तर, अशी समान वाटणी चालते. बेंगळूरुच्या काही अमेरिकन कंपन्यांच्या कामातून आलेली एक्सेल शीट आपल्याकडे फिरते, तिच्यात हेच गणित असतं. आपल्या नियमांत, गाइडन्स नोट असो वा इंड एएस, हप्ते वेगळे काढावेच लागतात. अपवाद एकच. सगळेच्या सगळे ३,००० ऑप्शन तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकदम मिळणार असते, तर तुमचे १२-१२-१२ बरोबर ठरले असते. पुढच्या वेळी योजना आखताना मालकांना हे सांगून ठेवा. हप्ते कसे पाडता यावरून खर्च कोणत्या वर्षी पडणार ते ठरतं.

मग ऑडिटरनी २२ न धरता २० लाख ६० हजार का धरले? कारण तिन्ही हप्ते दहाच्या दहा माणसांना मिळतील असं धरणं वास्तवाला सोडून आहे. शेवटी जितके ऑप्शन खरोखर व्हेस्ट होतील, म्हणजे कामाची अट पूर्ण होऊन माणसाच्या हक्काचे होतील, तितक्यांचाच खर्च पुस्तकात राहायला हवा, आणि ते आज माहीत नसतं, म्हणून दर मार्चला अंदाज बांधायचा. तुमच्या आकड्यावरून त्यांचा अंदाज मला असा दिसतो : पहिला हप्ता दहाही जणांना मिळाला, दुसऱ्यापर्यंत नऊ टिकतील, तिसऱ्यापर्यंत आठ. दर माणसी दर हप्ता १ लाख २० हजार. पहिल्याचे १२ लाख. दुसऱ्याचे नऊ जणांचे १०.८० लाख, त्यातलं निम्मं काम झालं म्हणून ५.४०. तिसऱ्याचे आठ जणांचे ९.६० लाख, त्यातला तिसरा भाग ३.२०. बेरीज बरोबर २०.६०. हा अंदाज कशावरून केला याची एक ओळ वर्किंग पेपरमध्ये हवी. मागच्या चार-पाच वर्षांत तुमच्या स्टाफमधून कितीजण गेले याची पगारपत्रकावरून काढलेली यादी पुरेशी आहे. बेळगावातल्या कारखान्यांत वरची माणसं सहसा टिकतात, मधल्या फळीतले तरुण पुणे-बेंगळूरुकडे जातात. म्हणून एकच टक्केवारी सगळ्यांना लावण्यापेक्षा दहा नावं समोर ठेवून विचार केलेला बरा.

आता दुसरं वर्ष. दोघं गेले, आठ उरले. इथे मागच्या वर्षाच्या नोंदी उघडून दुरुस्त करायच्या नाहीत. हा अंदाजातला बदल आहे, चूक नव्हे. पद्धत एकच : आजवर एकूण किती खर्च व्हायला हवा ते नव्या आकड्यांनी काढा, त्यातून आधी बुक केलेला वजा करा, उरेल तो यंदाचा.

दुसरा हप्ता १ एप्रिल २०२६ ला आठ जणांना मिळाला. त्याचा पूर्ण खर्च ९.६० लाख. ५.४० आधीच बुक आहेत, म्हणून यंदा ४.२०. तिसऱ्या हप्त्यासाठी, समजा, आणखी एक जण जाईल असं आज वाटतं. सात जणांचे ८.४० लाख, तीनपैकी दोन वर्षं झाली म्हणून ५.६० पर्यंत पोहोचायचं. ३.२० आधी बुक आहेत, म्हणून २.४० यंदा. दुसऱ्या वर्षाचा खर्च ६ लाख ६० हजार. कुणीच गेलं नसतं आणि पुढेही कुणी जाणार नाही असं वाटलं असतं, तर ११ लाख ४० हजार आला असता. गेलेल्या दोघांच्या न मिळालेल्या हप्त्यांचा जो खर्च पहिल्या वर्षी धरला गेला होता, तो या वजाबाकीतून आपोआप परत आला. वेगळी उलटी नोंद करायची गरजच नाही. ती केलीत तर तोच खर्च दोनदा वजा होईल.

पुढच्या मार्चपर्यंत आठही जण टिकले, तर तिसऱ्या हप्त्याचे ९.६० लाख पूर्ण करायचे. ५.६० झालेत, म्हणून ४ लाख. तीन वर्षांची बेरीज २०.६०, ६.६० आणि ४.००, म्हणजे ३१.२०. हप्त्यांकडून ताळा करा. पहिला दहा जणांना १२ लाख, दुसरा आणि तिसरा आठ-आठ जणांना ९.६० प्रमाणे. ३१.२० च येतात. हा ताळा शेवटच्या वर्षी जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर बहुतेक वेळा एखाद्या वर्षी एकूण आकड्याऐवजी नुसत्या त्या वर्षाच्या भागावर नवा अंदाज लावलेला असतो.

एक्सेलमध्ये दर हप्त्याला एक ओळ ठेवा. बी मध्ये टिकणारी अपेक्षित माणसं, सी मध्ये माणशी ऑप्शन, डी मध्ये किंमत, ई मध्ये आजवर झालेले दिवस, एफ मध्ये त्या हप्त्याचे एकूण दिवस, जी मध्ये आधी बुक केलेली रक्कम. यंदाचा खर्च :

```
=ROUND(B2*C2*D2*MIN(E2/F2,1),0)-G2
```

दिवस मुद्दाम घेतलेत. तुमची ग्रँट १ एप्रिलची म्हणून वर्षं सरळ पडली. १ जुलैला ग्रँट दिली असती तर पहिल्या मार्चअखेर पहिल्या हप्त्याचे ३६५ पैकी २७४ दिवसच झाले असते, आणि उरलेला खर्च पुढच्या वर्षात गेला असता. `MIN` नसेल तर हप्ता संपल्यावरही शीट खर्च वाढवत राहते.

मालकांच्या दुसऱ्या मागणीचा अर्धा भाग असा आपोआप सुटला. उरलेला अर्धा मात्र त्यांना आवडणार नाही. गेलेल्या दोघांना पहिला हप्ता मिळून चुकला आहे, प्रत्येकी १,००० ऑप्शन. त्यांचा २ लाख ४० हजारांचा खर्च उलटा फिरत नाही, त्यांनी शेअर घेतले तरी नाही आणि न घेतले तरी नाही. त्यांनी त्या ऑप्शनसाठीचं वर्षभराचं काम पूर्ण केलेलं आहे आणि ते काम कंपनीनं वापरलेलं आहे. नोकरी सोडल्यावर अमुक दिवसांत एक्सरसाइज न केल्यास, म्हणजे पैसे भरून शेअर न घेतल्यास, व्हेस्ट झालेले ऑप्शनही रद्द होतील, असं कलम बहुतेक योजनांत असतं. ती मुदत तुमच्या योजनेत बघा. मुदत उलटली आणि एकानं शेअर घेतलेच नाहीत, तर त्याचे १ लाख २० हजार शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग अकाउंटमधून जनरल रिझर्व्हला वळवा. नफ्या-तोट्याच्या पत्रकाला ते शिवत नाहीत. दुसऱ्यानं शेअर घेतले, तर त्याचे १०,००० रुपये बँकेत येतील. बँक नावे १०,०००, शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग नावे १,२०,०००, समोर भागभांडवल जमा १०,००० आणि सिक्युरिटीज प्रीमियम जमा १,२०,०००. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये धरली आहे. वाटपानंतर पीएएस-३ हा शेअरवाटपाचा सरकारी फॉर्म भरायचं विसरू नका.

थोडक्यात बघायचं ते एवढंच, की माणूस गेला त्या दिवशी ऑप्शन व्हेस्ट झाला होता की नाही. म्हणून एचआरकडून राजीनाम्याची तारीख घेऊ नका, कामाचा शेवटचा दिवस घ्या. मार्चमध्ये राजीनामा देऊन एप्रिलच्या मध्यावर सुटणारा माणूस १ एप्रिलचा हप्ता घेऊन जातो. तुमच्या योजनेत नोटीस पिरियडमध्ये व्हेस्टिंग थांबतं असं लिहिलं असेल तरच तो जात नाही. तुमच्या त्या दोघांच्या रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखा या एका कारणासाठी पुन्हा तपासा. एक जरी १ एप्रिल २०२६ नंतरची निघाली, तर दुसऱ्या हप्त्यात आठ नव्हे, नऊ माणसं येतील.

हे सगळं ऐकून मालक योजनाच बंद करायची म्हणतील, अशी शक्यता मला दिसते. अशा वेळी बहुतेकांची अपेक्षा असते की योजना रद्द केली की खर्चही पुसला जाईल. होतं उलटं. कंपनीनं स्वतःहून व्हेस्टिंगच्या आधी ऑप्शन रद्द केले, तर पुढच्या काळासाठी राखून ठेवलेला उरलेला खर्च त्याच दिवशी एकदम पुस्तकात येतो, आणि आधीचा तसाच राहतो. तुमच्या बाबतीत तिसऱ्या हप्त्याचे जे पुढच्या वर्षी यायचे ते यंदाच येतील. माणूस आपणहून गेला तर खर्च परत येतो, कंपनीनं काढून घेतले तर पुढे धावतो. यामागे कारण आहे. असं नसतं तर शेअरची किंमत पडल्यावर प्रत्येक कंपनीनं योजना रद्द करून नफा सुधारून घेतला असता. रद्द करण्यामागे माणसांची नाराजी हे कारण असेल, तर आहे तीच योजना सुधारून अटी सैल करणं परवडतं. तिथे ऑप्शनच्या किमतीत जी नवी भर पडते तेवढाच जादा खर्च उरलेल्या काळावर येतो.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या दोन गोष्टी मी तुमच्या जागी असतो तर याच आठवड्यात तपासल्या असत्या.

पहिली, ग्रँटची तारीख आणि ती दहा नावं. मालकांनी शब्द दिला ती ग्रँट नव्हे. भागधारकांची मंजुरी झालेली असावी लागते आणि अटी दोन्ही बाजूंना समजलेल्या असाव्या लागतात. पत्र आधी दिलं आणि ठराव नंतर झाला, तर ग्रँटची तारीख ठरावाची धरायची, आणि १२० रुपये त्या दिवशीचे हवेत. आपल्याकडे पत्र इंग्रजीत असतं आणि घेणारा शॉपफ्लोअर सुपरवायझर मराठी किंवा कन्नड वाचणारा असतो. त्याला समोर बसवून अटी त्याच्या भाषेत सांगितल्या आणि त्या समजल्याची तारखेसह सही घेतली, तर हा मुद्दा कायमचा मिटतो. ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत कायद्यानं किमान एक वर्ष जावं लागतं. १ एप्रिलची ग्रँट आणि पुढच्या ३१ मार्चचं व्हेस्टिंग असं पत्रात पडलं, तर एक दिवस कमी भरतो. तुमच्या पत्रात नेमकी कोणती तारीख आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि दहा नावांत मालकांचा मुलगा किंवा पुतण्या नाही ना? प्रमोटर, प्रमोटर गटातला माणूस, आणि स्वतः किंवा नातेवाइकांमार्फत १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेला डायरेक्टर, यांना ही योजना देता येत नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपना ठरावीक वर्षं यातून सूट आहे, पण उद्यमबागेतल्या जुन्या कारखान्यांना ती बहुधा लागू नसते. घरच्या कंपन्यांत हे वारंवार घडतं, आणि मग त्या माणसाचा खर्च बुक करणं हा प्रश्नच उरत नाही, ग्रँटच टिकत नाही.

दुसरी, कर. पुस्तकातले १२० रुपये आणि माणसाच्या करातला आकडा यांचा एकमेकांशी संबंध नाही. माणूस ज्या दिवशी १० रुपये भरून शेअर घेईल, त्या दिवशीच्या शेअरच्या किमतीतून १० वजा करून उरेल ते त्याच्या पगारात मिळकत म्हणून धरलं जातं. लिस्ट नसलेल्या कंपनीत ती किंमत मर्चंट बँकरकडून काढून घ्यावी लागते, तुमच्या व्हॅल्यूअरचा जुना रिपोर्ट चालत नाही. समजा किंमत २०० निघाली. १,००० शेअरवर १ लाख ९० हजार पगारात धरले गेले, आणि त्यावरचा टीडीएस कंपनीनं कापायचा. शेअर तर विकता येत नाही, हातात रोख आलेली नाही, आणि महिन्याच्या पगारातून टीडीएस गेलेला. माणूस हबकतो आणि योजनेवरचा विश्वास उडतो. म्हणून एक्सरसाइजच्या फॉर्मबरोबर अंदाजे टीडीएसचा आकडा त्याच्या हातात आधी द्या, आणि सगळ्यांनी एकाच महिन्यात एक्सरसाइज करावं असं सुचवा. म्हणजे मर्चंट बँकरची फी एकदाच पडते.

कंपनीच्या बाजूनं, हा खर्च आयकरात वजावट म्हणून मिळतो का यावर खात्याचा जुना आक्षेप आहे की तो काल्पनिक आहे. आपण कर्नाटकात असल्याचा इथे फायदा होतो. बायोकॉनच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२० मध्ये ईसॉपवरची सवलत हा धंद्याचा खराच खर्च आहे आणि व्हेस्टिंगच्या काळात तो वजा मिळतो असा निकाल दिला. आपल्या अधिकाऱ्यांवर तो बंधनकारक आहे. तरी विवरणपत्रात वजावट घेताना हप्त्यांचं वर्किंग, दर वर्षी टिकलेल्या माणसांची यादी आणि योजनेची प्रत एकाच फाइलमध्ये लावून ठेवा. स्क्रूटिनीत सगळ्यात आधी हेच मागतात. दुसऱ्या वर्षीचा ६ लाख ६० हजारांचा आकडा पहिल्या वर्षाच्या मानाने एवढा उतरला कसा, हे त्या फाइलवरून पाच मिनिटांत दाखवता आलं पाहिजे.